बीटी वांग्यावर निबंध लिहायचाय: जनुक आत जातं कसं आणि नेमका वाद कशावर?

मानसी_कराड
नमस्कार. मी कराडला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. जीएम म्हणजे जनुकं बदललेल्या पिकांवर 1500 शब्दांचा निबंध द्यायचाय आणि तो समतोल हवा अशी अट आहे. पहिल्या मसुद्यात मी एका बाजूला फायदे आणि दुसऱ्या बाजूला तोटे लिहिले. मॅडमनी वही परत केली. म्हणाल्या, दोन याद्या शेजारी ठेवल्या म्हणून समतोल येत नाही, एक पीक घे आणि त्याच्या मुळापर्यंत जा.

मी बीटी वांगं घेतलंय, म्हणजे अळीला मारणारं बाहेरचं जनुक घातलेलं वांगं. आमचं गाव कृष्णाकाठी आहे, आजी अजून घरचं बी धरून काटेरी वांगी लावते, म्हणून विषय जवळचा वाटला. दोन गोष्टींत अडलेय. बाहेरचं जनुक रोपात घालतात म्हणजे हातानं नेमकं काय करतात? आणि जैवसुरक्षेचा वाद म्हणतात तो एकच वाद आहे की बरेच आहेत? ज्यांनी हे काम केलंय किंवा वांगी पिकवलीत त्यांनी कृपया लिहा.

भिलवडीचा_बागायतदार
मानसी, प्रयोगशाळेतलं मला ठाऊक नाही. वांगं ठाऊक आहे. आमच्याकडं वर्षाला वीस-पंचवीस गुंठे असतं.

निबंधात आधी अळी कशी वागते ते लिही, नाहीतर हे बियाणं काढायची गरज का पडली तेच वाचणाऱ्याला कळणार नाही. लागण होऊन महिना झाला की सकाळी रानात एखादा शेंडा मान टाकलेला दिसतो. पाणी भरपूर असतं आणि शेंडा तेवढा सुकलेला. तो मोडून उभा चिरला की आत गुलबट पांढरी अळी. हीच पुढं फळात शिरते. देठाच्या टोपीखालून शिरते आणि ते बारीक भोक भरून येतं. वरून वांगं एकदम चकचकीत. एकदा आत गेली की तुम्ही वरून काहीही मारा, तिला काही होत नाही. म्हणून ती आत जायच्या आधी गाठायची, म्हणून उन्हाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी पंप पाठीवर. आज फवारलं आणि परवा तोडा, असंही होतं. चांगलं नाही, पण होतं. मागच्या उन्हाळ्यात एवढं करूनही अडत्यानं चार वांगी कापून बघितली, तिनांत अळी निघाली आणि अख्खी गाडी निम्म्या भावानं गेली.

कामगंध सापळे लावतो, किडके शेंडे खुडून जाळतो. शेजारचा खुडत नसेल तर पतंग तिकडून येतो.

संतोष_७७
त्या बीटीत विंचवाचं विष असतं. आणि ते बी परत उगवतच नाही, टर्मिनेटर घातलेलं असतं. म्हणून तर कापसाचं बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं. निबंधात हे लिहा, लोकांना कळू दे.

हिरवी_बशी
संतोषदादा, विकत घ्यावं लागतं हे खरं, कारण मात्र वेगळं आहे. आपल्याकडं बीटी कापूस संकरित वाणात आला. संकरित कापसाचं बी धरून पेरलं तर उगवतं, पण झाडं एकसारखी येत नाहीत आणि उतारा घटतो. हे बीटी नसलेल्या संकरित टोमॅटोलाही लागू आहे. बी वांझ करणारं तंत्र कागदावर होतं, बाजारात कुठल्याच पिकात आलं नाही. विंचू तर नाहीच. ते जनुक मातीतल्या एका जिवाणूचं आहे, बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणून बीटी. त्याच जिवाणूची भुकटी सेंद्रिय शेतीवाले फवारतात.

मानसी, मी सहा वर्षं ऊतीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत होते. वांग्यावर काम केलंय, अर्थात शिकण्यापुरतं, बाजारात आलेल्या वाणावर नाही. हातानं काय करतात विचारलंस ते सांगते.

वांग्याचं बी निर्जंतुक करून बाटलीत उगवायचं. जोडपानं उघडली की ब्लेडनं त्यांचे नखाएवढे तुकडे करायचे. ही जखम मुद्दाम करायची असते. जखमेतून जो रस पाझरतो त्याच्या वासावर अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू येतो. गुलाबाच्या बुडाशी, मुळाजवळ कधी खडबडीत गाठ बघितली असशील, ती याचीच करणी. हा स्वतःच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो आणि झाडाकडून स्वतःसाठी अन्न बनवून घेतो. माणसानं त्या तुकड्यातली गाठ करणारी जनुकं काढली आणि त्या जागी आपल्याला हवी ती ठेवली. जिवाणूची टोचण्याची सवय तशीच राहिली.

बीटी वांग्यात त्या तुकड्यात मुख्य जनुक होतं क्राय1एसी, अळीच्या आतड्यावर चालणारं प्रथिन बनवणारं. त्याच्या पुढं फुलकोबीच्या एका विषाणूतला 35एस नावाचा चालू करणारा भाग. हा भाग जनुक सगळ्या अवयवांत चालू ठेवतो, पानात, शेंड्यात आणि फळातही. शिवाय कॅनामायसिन या प्रतिजैविकाला न जुमानणारं एक खुणेचं जनुक.

तुकडे जिवाणूच्या पाण्यात बुडवायचे, टिपकागदावर टिपायचे, दोन दिवस अंधारात एकत्र ठेवायचे. मग जिवाणू मारणारं औषध आणि कॅनामायसिन दोन्ही असलेल्या थाळीत हलवायचे. इथून पुढं डोळ्यांना दिसतं. ज्या पेशीत काही गेलं नाही ती पांढरी पडते, अगदी कागदासारखी. पंधरा-वीस दिवसांनी अशा पांढऱ्या तुकड्याच्या कडेला कुठंतरी एक हिरवा ठिपका राहतो. तो जपायचा, त्यातून कोंब काढायचा, मुळं आणायची, कुंडीत लावायचं.

फसायच्या जागा दोन. जिवाणू नीट मेला नाही तर तुकड्याभोवती दुधासारखी साय येते आणि थाळी फेकावी लागते. दुसरी जास्त फसवी. कोंब हिरवा राहतो, पण जनुक त्याच्यात नसतंच. शेजारच्या पेशींच्या आडोशानं तो वाचलेला असतो. जनुक आहे का हे बघणारी पीसीआर चाचणी केली तरी कोंबाला चिकटलेल्या जिवाणूमुळं उत्तर हो येतं. मी एकदा अकरा रोपं घेऊन आनंदात होते, खरी निघाली तीन.

मानसी_कराड
ताई, मग खरी कोणती हे शेवटी ठरवायचं कसं? आणि जनुक गुणसूत्रात कुठं बसेल हे आपण ठरवू शकतो का?

हिरवी_बशी
नाही, या पद्धतीत जागा आपल्या हातात नसते. म्हणूनच एका वाणासाठी शेकडो रोपं करतात आणि त्यातलं एक निवडतात. जनुक त्या ठिकाणी बसण्याच्या त्या निवडलेल्या एका घटनेला नाव मिळतं. बीटी वांग्याचं होतं ईई-1. मंजुरी मागतात ती त्या एका घटनेसाठी, सरसकट बीटीसाठी नाही. निबंधात हे वाक्य असू दे. बरेच जण इथं चुकतात.

पारख बियांवर होते. रोपाचं स्वतःच्याच परागानं फळ धरायचं, 100 बिया कॅनामायसिनच्या थाळीत पेरायच्या. साधारण 75 हिरव्या आणि 25 पांढऱ्या आल्या तर जनुक एकाच ठिकाणी बसलंय. पांढऱ्या जेमतेम सहा-सात आल्या तर दोन वेगळ्या ठिकाणी बसलंय, कारण तेव्हा प्रमाण पंधरास एक असतं. सगळ्याच पांढऱ्या आल्या तर तुझं रोप फसवं होतं. मेंडेलचं वाटाण्याचं गणितच आहे हे. आत किती प्रती आहेत, शेजारचं एखादं जनुक तुटलंय का, हे पुढच्या चाचण्या सांगतात.

गृहिणी_मिरज
मला एक विचारायचं होतं. जी-9 केळी पण प्रयोगशाळेतून येतात ना? मग तीही जीएम का? मुलं रोज खातात म्हणून काळजी वाटते.

हिरवी_बशी
नाही ताई. केळीच्या कोंबाचे तुकडे करून त्याच झाडाच्या हजारो प्रती करतात एवढंच. बाहेरचं जनुक घालत नाहीत. बाटली दोन्हीकडं असते म्हणून गल्लत होते. तुमच्या स्वयंपाकघरातलं रताळं मात्र गमतीशीर आहे. 2015 साली संशोधकांनी दाखवलं की लागवडीच्या रताळ्यात याच अ‍ॅग्रोबॅक्टेरियमच्या कुळातल्या जिवाणूची जनुकं फार पूर्वीपासून आहेत. निसर्गानंच घातलेली. आपण ती उपवासाला खातो.

वाईचे_गुरुजी
रताळ्याचा दाखला मी अनेकदा ऐकला आहे आणि तो मला पुरेसा वाटत नाही. निसर्गात घडतं म्हणून सुरक्षित, असं म्हणायचं तर धोतराही निसर्गातलाच. रताळं आपण पिढ्यानपिढ्या खाऊन पारखलं आहे. क्राय प्रथिन असलेलं वांगं कोणी पारखलं होतं?

मी निवृत्त शिक्षक आहे. 2010 साली नागपूरच्या जनसुनावणीला गेलो होतो, म्हणून त्या दिवसांबद्दल लिहितो. 14 ऑक्टोबर 2009 रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी समितीनं, म्हणजे जीईएसीनं, बीटी वांग्याला हिरवा कंदील दिला. वाण महिको या बियाणं कंपनीचं होतं. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी लगेच सही केली नाही. सात शहरांत सुनावण्या घेतल्या आणि 9 फेब्रुवारी 2010 ला स्थगिती जाहीर केली. ती आजही उठलेली नाही. नागपुरात सभागृह खचाखच भरलं होतं. बियाणं हवं म्हणणारे शेतकरीही होते आणि नको म्हणणारेही, आणि दोघंही तळमळीनं बोलत होते.

माझा आक्षेप विज्ञानावर नव्हता. चाचण्या ज्यानं वाण बनवलं त्याच्याच खर्चानं आणि देखरेखीखाली झाल्या, उंदरांवरचा मुख्य अभ्यास 90 दिवसांचा होता, आणि माहिती लोकांसमोर यायला न्यायालयात जावं लागलं. डॉ. पुष्प भार्गव यांना सर्वोच्च न्यायालयानंच त्या समितीत निरीक्षक म्हणून पाठवलं होतं. तेही स्वतंत्र प्रयोगशाळा हवी असंच म्हणत होते. मानसी, 'विरोधक म्हणजे अडाणी' असा सूर निबंधात येऊ देऊ नकोस.

हिरवी_बशी
गुरुजी, स्वतंत्र प्रयोगशाळेच्या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूची आहे. पोटाच्या सुरक्षिततेवर मात्र नाही. क्राय प्रथिन चालायला दोन गोष्टी लागतात. आतडं अल्कधर्मी हवं आणि आतड्याच्या अस्तरावर त्याला बसायला ठरावीक जागा हवी. अळीत दोन्ही आहेत. आपल्या जठरात आम्ल आहे, तिथं हे प्रथिन इतर प्रथिनांसारखं तुटतं, आणि बसायची जागा आपल्या आतड्यात नाही. नव्वद दिवस कमी वाटतात हे समजतं. पण प्रश्न असा विचारायला हवा की जास्त दिवस ठेवून आपण नेमकं काय शोधणार आहोत?

वाईचे_गुरुजी
जे शोधायचं सुचलं नाही तेच. वांगं आपल्याकडं आठवड्यातून तीनदा ताटात असतं, आजाऱ्याच्याही आणि गरोदर बाईच्याही. पण ठीक, यावर आपलं एकमत होणार नाही. मानसीनं दोन्ही लिहावं.

यवतमाळ_ते_तासगाव
मी मूळचा यवतमाळचा, नोकरीमुळं बारा वर्षं तासगावात आहे. तुमची चर्चा पोटाभोवती फिरते आहे. आमच्याकडं भांडण पोटाचं नव्हतंच, कापूस कोण खातो? आमचा प्रश्न होता की हे किती वर्षं टिकतं.

बीटी कापूस 2002 साली आला. 2006 ला दोन जनुकांचा आला. सुरुवातीला खरंच बोंडअळी गायब झाली, वडील फवारणीचा पंप विसरले होते. गुलाबी बोंडअळी हळूहळू परत आली. आधी गुजरातेत एका जनुकाला सरावली, पुढं दोन्हीला, आणि 2017 च्या हंगामात विदर्भात बोंडं फोडली की आत किडकी सरकी.

कारणं मी शेतात बघितली. 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिनबीटी बियाणं यायचं, कडेनं लावायला. त्यावर साध्या अळ्या जगाव्यात आणि सरावलेल्या अळीचा जोडा त्यांच्याशी लागावा हा हेतू. ते पाकीट आम्ही धुऱ्यावर फेकायचो. आम्हीच. कोणी नीट समजावलं नाही हे खरं, पण वाचलंही नाही. दुसरं म्हणजे फरदड. पाणी असलं की कापूस मार्चपर्यंत उभा ठेवायचा, म्हणजे अळीला आणखी दोन पिढ्या फुकट.

हिरवी_बशी
यात एक तिसरं कारण आहे, ते मानसीच्या निबंधाला फार उपयोगी पडेल. संकरित झाडात जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं. त्या झाडाच्या बोंडातल्या सरकीत मग तेच तीनास एक. एका जनुकापुरतं बोलायचं तर दर चार सरक्यांत एक बिनबीटी. गुलाबी अळी सरकीच खाते आणि एकीतून दुसरीत जाते. म्हणजे एकाच बोंडात तिला कधी विष, कधी साधं अन्न. अर्धवट सरावलेल्या अळीला जगून घ्यायला ही उत्तम शाळा झाली.

वांग्यात हे होत नाही. वांग्याची अळी गर खाते आणि गर हा आईच्या झाडाचाच भाग असतो, बिया कशाही असोत. गर सगळा बीटीच.

भिलवडीचा_बागायतदार
म्हणजे वांग्यात सरावणार नाही म्हणता?

हिरवी_बशी
तसं म्हणायची माझी हिंमत नाही. या अळीला वांगं सोडलं तर खायला फार थोडं आहे. बोंडअळ्यांतल्या काही जाती तुरीवर, हरभऱ्यावर जगतात, तिथं आपोआप साध्या अळ्या तयार होतात. वांग्याच्या अळीला तसा आसरा नाही. सगळ्या गावानं बीटी वांगंच लावलं तर सरावायचा धोका मोठा. बिनबीटी ओळी लावाव्याच लागतील, आणि त्या ओळीतली वांगी किडणार हे मान्य करूनच लावाव्या लागतील.

भिलवडीचा_बागायतदार
दोन ओळी किडायला सोडायच्या हे आमच्या गावात कोण ऐकेल माहीत नाही. मी ऐकेन.

संतोष_७७
विंचवाचं चुकलं माझं, मान्य. पण बांगलादेशात लावतात म्हणे. तिथं काय झालं?

यवतमाळ_ते_तासगाव
हो. 2013 साली मंजुरी दिली आणि 2014 च्या जानेवारीत पहिल्या 20 शेतकऱ्यांना रोपं दिली. जनुक तेच, वाणं मात्र त्यांच्या सरकारी संशोधन संस्थेची आणि संकरित नसलेली, त्यामुळं शेतकरी बी धरू शकतो. या अळीसाठीची फवारणी बरीच कमी झाली असं अभ्यास सांगतात. पांढरी माशी, तुडतुडे, लाल कोळी यांना फवारावं लागतंच. बीटी त्यांच्यासाठी नाहीच.

आणि स्थगिती असली तरी वांगं थांबलंय असं समजू नका. 2019 ला हरयाणात फतेहाबादला एका शेतात बेकायदा बीटी वांगी सापडली होती. बंदीचा हाही एक परिणाम. बियाणं येतंच, फक्त बिनबीटी ओळी आणि तपासणी येत नाही.

कुडचीची_लेक
माझं माहेर कुडची, मिरजेपासून जवळच, नदीच्याच काठी. इथं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. हे जनुक ज्या स्थानिक वाणांत घालायला घेतलं होतं त्यात धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या कामात आमचं कुडची वांगंही होतं. स्थानिक वाणं वापरताना जैवविविधता कायद्याखालची परवानगी घेतली नाही अशी तक्रार झाली आणि 2011 साली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणानं कारवाई करायचं ठरवलं. माझ्या आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच, बी आमच्या बायकांनी राखलं, मग विचारायला कोणी आलं का नाही?

ही जैवसुरक्षा नव्हे असं कोणी म्हणेल. माझ्या मते निबंधात असावं. वांगं मूळचं आपल्याकडचं मानतात, त्याची रानटी भावंडं बांधावर आहेत. बीटी ज्यात आलं त्या मूळच्या अमेरिकेतल्या कापसात आणि वांग्यात हा फरक आहे.

आणि भरल्या वांग्याला कुडचीचंच वांगं लागतं, दुसरं शिजून पिठूळ होतं. यावर मी वाद घालणार नाही.

गृहिणी_मिरज
भरल्या वांग्याचं शंभर टक्के खरं. दाण्याचं कूट, कांदा-लसूण मसाला आणि झाकणावर पाणी.

मानसी_कराड
सगळ्यांचे मनापासून आभार. आता मांडणी अशी करतेय: एका रोपाच्या मागं चालायचं. जोडपानाचा तुकडा, हिरवा ठिपका, ईई-1, फळ, शेत, मंत्र्यांची सही. प्रत्येक टप्प्यावर जो प्रश्न उठतो तो तिथंच लिहायचा. जनुक कुठं बसलं हा प्रयोगशाळेचा प्रश्न, खाल्लं तर काय हा पोटाचा, किती वर्षं टिकेल हा शेताचा, आणि चाचणी कोणी केली, बी कोणाचं हा विश्वासाचा. पोटाच्या प्रश्नावर पुरावा जास्त आहे असं मी लिहिणार आहे, शेताच्या प्रश्नावर कापसानं दिलेला इशारा खरा आहे असंही. गुरुजी, तुमचा आक्षेप तुमच्याच शब्दांत घेऊ का?

एक राहिलं. आजीच्या वाफ्याशेजारी कोणी बीटी लावलं तर तिच्या बियांत ते येईल?

वाईचे_गुरुजी
जरूर घे. नाव नको.

हिरवी_बशी
येऊ शकतं. वांग्याचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागानं फळतं, पण मधमाश्या आणि भुंगे थोडं इकडचं तिकडं करतातच. शेजारी जितकं जवळ तितकं जास्त. फळ खायला काही फरक नाही, पण त्यातलं बी धरलं तर पुढच्या वर्षी एखादं झाड बीटी निघेल आणि दिसायला तसंच असेल. कापसासाठी पट्टीची चाचणी मिळते. पान चुरगाळून नळीत थेंबभर द्रावणात घालायचं, पट्टी बुडवायची, दोन रेघा आल्या तर प्रथिन आहे. क्राय1एसी तेच असल्यामुळं वांग्यालाही तीच चालावी.

भिलवडीचा_बागायतदार
मला कोणी विचारलं नाही तरी सांगतो. परवानगी मिळाली तर मी निम्म्या रानात लावेन. पंप पाठीवर घेऊन माझी रात्रीची झोप जाते, हात जळजळतात. निम्म्यात घरचं काटेरी ठेवेन, पण हिरवी बशी म्हणतात तसं त्यात मिसळलं तर आमच्या आईला काय तोंड दाखवू? बी शुद्ध ठेवायचा घरगुती उपाय आहे का?

हिरवी_बशी
आहे, आणि मानसीच्या आजीलाही सांगा. बियाण्यासाठी वाफ्याच्या मधली पाच-सहा दणकट झाडं निवडायची, कडेची नकोत. उद्या उमलेल अशी टपोरी कळी आज संध्याकाळी मलमलीच्या लहान पिशवीत घालून देठाला सैल बांधायची. दोन-तीन दिवस सकाळी पिशवीवर हलकी टिचकी मारायची म्हणजे पराग आतल्या आत पडतो. पाकळ्या गळून फळ धरलं की पिशवी काढायची आणि त्या देठाला रंगीत दोरा बांधायचा. तोड्याला येणाऱ्या बायांना आधीच सांगून ठेवा, दोऱ्याचं वांगं तोडायचं नाही. ते झाडावरच पिवळं होऊ द्यायचं.

मानसी_कराड
आजीला वाचून दाखवलं. म्हणाली, दोरा ती आधीपासून बांधते, लाल. पिशवी तेवढी नवीन. उद्या जुन्या धोतराच्या शिवायला बसतोय.